‘मतदान केले का?’ हा प्रश्न वर्गात विचारायचा कसा

राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला प्रकल्पाचे विषय वाटायला लागले की ‘नवमतदारांमधील मतदानविषयक जागरूकता’ हा विषय कोणीतरी हमखास घेते. प्रश्नावलीतला पहिला प्रश्नही बहुधा ठरलेलाच असतो: मतदान करणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे असे तुम्हाला वाटते का? जवळजवळ सगळे ‘होय’वर खूण करतात आणि आपल्या महाविद्यालयातील तरुण जागरूक असल्याचा निष्कर्ष लिहून प्रकल्पाची वही बांधणीला जाते.

महाविद्यालयाबाहेरचे चित्र असे: २०२४च्या लोकसभा निवडणुकीआधी देशभरातील मतदारयाद्यांत १८-१९ वर्षांच्या मतदारांची नावे सुमारे १.८ कोटी होती. लोकसंख्येच्या अंदाजाशी ताडून पाहिले, तर या वयाच्या निम्म्याहून अधिक मुलामुलींचे नावच यादीत नव्हते. वहीतला निष्कर्ष आणि हा आकडा एकाच वेळी खरे असू शकतात. मतदान कर्तव्य आहे हे पाठ्यपुस्तकातून सगळ्यांना माहीत असते. नाव कधी, कुठे आणि कोणत्या अर्जाने नोंदवायचे, हे माहीत असेलच असे नाही. म्हणून पाहणीत मत विचारण्याऐवजी माहिती विचारावी लागते, आणि ती उत्तर पडताळता येईल अशा प्रश्नांतून.

नोंदणीच्या तारखेचेच उदाहरण घेऊ. मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले ते ६१व्या घटनादुरुस्तीने, १९८९ मध्ये. पण अठरावा वाढदिवस झाला म्हणून नाव आपोआप यादीत येत नाही. त्यासाठी नमुना क्रमांक ६ भरावा लागतो. पूर्वी वयाची मोजणी फक्त १ जानेवारीला होत असे, त्यामुळे २ जानेवारीला अठरा पूर्ण करणाऱ्याला पुढचे जवळजवळ अख्खे वर्ष थांबावे लागे. २०२२पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत, आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. तेव्हा ‘नोंदणीची प्रक्रिया माहीत आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘ज्या मुलीला २० मार्च रोजी अठरा वर्षे पूर्ण झाली, तिची पुढची अर्हता तारीख कोणती?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला माहीत नसणाराही ‘होय’ म्हणू शकतो. दुसऱ्याला १ एप्रिल हे उत्तर येते किंवा येत नाही.

दुसरा प्रश्न ओळखपत्राचा. हातात मतदार ओळखपत्र असले की मत देता येते, ही समजूत घरोघरी आढळते. प्रत्यक्षात अधिकार मिळतो तो यादीतल्या नावाने. नाव असेल आणि कार्ड हरवले असेल, तर आधार, पॅन किंवा वाहनपरवाना यांसारखे आयोगाने मान्य केलेले दुसरे ओळखपत्र चालते. कार्ड आहे पण यादीत नाव नाही, तर मात्र केंद्रावरून परतावे लागते.

तिसरा प्रश्न वसतिगृहात राहणाऱ्यांचा, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात तोच सर्वांत महत्त्वाचा ठरतो. गाव सोडून शिकायला आलेल्या विद्यार्थ्याला गावी, आईवडिलांच्या पत्त्यावर नाव ठेवता येते किंवा महाविद्यालयाच्या प्रमुखांचा दाखला जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंदवता येते. दोन्हीकडे नाव ठेवणे मात्र कायद्याला मान्य नाही. गावचे नाव आधीच यादीत असेल, तर ते शहरात हलवण्यासाठी नमुना ८ भरायचा, नवा नमुना ६ नाही. हे ज्याला ठाऊक नसते, तो मतदानाच्या दिवशी एसटीच्या गर्दीकडे पाहून वसतिगृहातच थांबतो, आणि पाहणीत त्याची नोंद ‘उदासीन’ अशी होते.

असे प्रश्न तयार करताना प्रश्नकर्त्यालाही अभ्यास करावा लागतो. ‘नोटाला सर्वाधिक मते मिळाली तर फेरनिवडणूक होते. बरोबर की चूक?’ हा प्रश्न पुष्कळ प्रश्नावल्यांत दिसतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या निकालानंतर नोटाचे बटण आले, पण लोकसभा आणि विधानसभेत नोटा पहिल्या क्रमांकावर आला तरी त्याखालोखाल मते मिळवणारा उमेदवार विजयी होतो. महाराष्ट्रात राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी वेगळा आदेश काढला आणि तिथे फेरनिवडणुकीची तरतूद केली. म्हणजे निवडणूक कोणती, हे न सांगता हा प्रश्न विचारला, तर नीट माहिती असलेल्या विद्यार्थ्याचेच उत्तर चुकीचे धरले जाण्याची शक्यता.

आता ‘मतदान केले का?’ या मुख्य प्रश्नाकडे येऊ. आधी हिशेब कसा करायचा ते पाहू. समजा, एका महाविद्यालयातून २०० प्रश्नावल्या भरून आल्या आणि विचारणा नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा निवडणुकीबद्दल आहे. त्यांपैकी ६० जणांचे वय त्या निवडणुकीच्या अर्हता तारखेला अठराच्या आत होते. उरलेल्या १४० पैकी ९१ जणांचे नाव यादीत होते आणि त्यांतल्या ६३ जणांनी मतदान केले. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत, पण त्यांतून काय निघते ते पाहा. सगळ्या २०० मध्ये मोजले तर मतदान साडेएकतीस टक्के. पात्र १४० मध्ये मोजले तर ४५ टक्के. यादीत नाव असलेल्या ९१ मध्ये मोजले तर ६९ टक्के. पहिला आकडा छापला की ‘तरुणांची मतदानाकडे पाठ’ असा मथळा होतो आणि तिसरा छापला की ‘नवमतदारांचा उत्साह’. प्रश्नावल्या त्याच, उत्तरेही तीच. खरा खड्डा आहे १४० आणि ९१ यांच्यामध्ये: पात्र असूनही यादीत नसलेल्या ४९ जणांचा. मतदान न केलेल्या २८ जणांपेक्षा तो मोठा आहे आणि त्यावरचा उपायही निराळा आहे. म्हणूनच प्रश्नावलीत जन्माचे वर्ष आणि तिमाही विचारावी लागते. नावाबद्दलच्या प्रश्नालाही ‘आहे, मी स्वतः तपासले’, ‘असावे, पण तपासलेले नाही’, ‘नाही’ असे तीन पर्याय द्यावे लागतात. पुष्कळांचा अर्ज घरच्या मोठ्यांनी भरलेला असतो, त्यामुळे मधल्या पर्यायावर किती खुणा येतात हे पाहण्यासारखे असते.

हिशेब बरोबर झाला तरी उत्तरच खरे नसेल तर? मतदान न करताही ‘केले’ असे सांगणे ही जगभरच्या निवडणूक पाहण्यांतली जुनी अडचण आहे. वर्गात ती वाढते, कारण प्रश्नावली वाटणारा राज्यशास्त्राचा वर्गमित्र असतो आणि कधी कधी गोळा करणारे प्राध्यापकच असतात. म्हणून प्रश्नावलीवर ‘नाव लिहू नये’ असे छापतात. तेवढ्याने उत्तर निनावी होत नाही. ऑनलाइन अर्जात ईमेल नोंदवण्याची सोय सुरू राहिली, तर नाव न विचारताही नाव कळते. कागदावर वर्ग, विषय, तालुका, वय आणि लिंग हे सगळे विचारले, तर तिसऱ्या वर्षाच्या राज्यशास्त्राच्या वर्गात त्या तालुक्यातली एकच मुलगी असू शकते. उपाय साधे आहेत: तालुक्याऐवजी ‘गाव की शहर’ आणि ‘घरी की वसतिगृहात’ एवढेच विचारायचे. ज्या गटात पाचापेक्षा कमी जण येतात, त्याचे आकडे वेगळे छापायचे नाहीत. हजेरीची सही आणि भरलेली प्रश्नावली कधीही एकत्र ठेवायची नाहीत. कोणाला मत दिले, हा प्रश्न तर जागरूकतेच्या पाहणीत लागतच नाही. तो दिसला की इतर उत्तरेही जपून दिली जातात.

दिल्लीतील विकासशील समाज अध्ययन पीठाचा लोकनीती हा विभाग निवडणुकांचे मोठे अभ्यास करतो. तिथे पक्षाच्या पसंतीचा प्रश्न तोंडी विचारत नाहीत. उत्तर देणारा नमुना मतपत्रिकेवर खूण करतो आणि ती घडी घालून पेटीत टाकतो. महाविद्यालयात ‘मतदान केले का?’ या प्रश्नासाठी बंद खोका ठेवून हेच करता येते.

याच्याही पुढची एक पद्धत आहे. तिचे मूळ अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ स्टॅन्ली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या कल्पनेत आहे. तिचे सोपे रूप असे: प्रत्येकाने कोणाला न दाखवता नाणे उडवायचे. छापा आला तर काहीही झालेले असो, ‘मतदान केले नाही’वर खूण करायची. काटा आला तर खरे उत्तर द्यायचे. आता एखाद्या कागदावर ‘केले नाही’ दिसले, तरी ते नाण्यामुळे की खरोखर, हे कोणालाच कळत नाही. गटाचा अंदाज मात्र निघतो. समजा, यादीत नाव असलेल्या १०० जणांपैकी ६८ जणांनी ‘केले नाही’ असे लिहिले. छापा सुमारे ५० जणांना आला असणार. तेवढे वजा केले की उरतात १८, आणि ते काटा आलेल्या ५० पैकी. म्हणजे मतदान न केलेले सुमारे ३६ टक्के.

या पद्धतीची मर्यादाही याच उदाहरणात दिसते. १०० नाणी उडवली तर छापे नेमके ५०च येतील असे नाही, ४० ते ६० मध्ये कितीही येऊ शकतात. ६० आले असतील तर तेच उत्तर २० टक्के होते, आणि ४० आले असतील तर ४७ टक्क्यांच्या आसपास जाते. त्यामुळे वर्गभर विद्यार्थ्यांवर ही पद्धत वापरून फारसे हाती लागत नाही, त्यासाठी काही शे उत्तरे हवीत. लहान पाहणीत बंद खोकाच बरा.

शेवटी, विचारायचे कोणाला? राज्यशास्त्राच्या वर्गात प्रश्नावल्या वाटल्या तर मतदानाबद्दल शिकत असलेल्यांचीच माहिती मोजली जाते, आणि कँटीनमध्ये वाटल्या तर कँटीनमध्ये बसणाऱ्यांची. कार्यालयाकडून शाखानिहाय हजेरीपट घेऊन ठरावीक अंतराने, म्हणजे दर दहावा किंवा बारावा क्रमांक निवडणे त्यापेक्षा चांगले. निवडलेल्यांपैकी किती जण भेटलेच नाहीत आणि किती जणांनी नकार दिला, हेही अहवालात लिहायला हवे. जे महाविद्यालयातच फिरकत नाहीत ते मतदानालाही कमी जात असतील, तर त्यांना वगळून काढलेली टक्केवारी फुगलेली असते.

एवढे करून निघालेला निष्कर्ष एका महाविद्यालयापुरताच असतो, ‘आजचा तरुण’ त्यात सापडत नाही. पण त्या महाविद्यालयाला तो उपयोगी पडतो. नाव नसलेल्यांत वसतिगृहातली मुले जास्त निघाली, तर प्रवेशाच्या वेळीच नमुना ६, नमुना ८ आणि दाखल्याची सोय करता येते. ‘असावे, पण तपासलेले नाही’ म्हणणारे जास्त असतील, तर निवडणूक जाहीर होण्याआधी यादी तपासण्याचा एक तास पुरतो. आणि नाव तपासलेले असूनही मतदान न केलेले जास्त निघाले, तर अर्ज वाटून काही साधणार नाही; त्या दिवशी ते का गेले नाहीत, हा पुढच्या तुकडीच्या प्रकल्पाचा प्रश्न असेल.