टीव्ही खाली झुकवला, मान मात्र वरच

बेडरूममध्ये टीव्ही लावायला आलेल्या माणसाने पलंगाकडे पाहिलंही नाही. दाराच्या चौकटीच्या वरच्या कडेला रेघ धरून त्याने खुणा केल्या. "झोपून बघणार ना? मग वरच पाहिजे. थोडा टिल्ट देतो, काही वाटणार नाही." टीव्हीचा मध्य आला जमिनीपासून 200 सेंटिमीटरवर. चौथ्या दिवशी मानेने तक्रार केली, तेव्हा मी टेप घेऊन बसलो.

त्याचं म्हणणं निम्मं खरं होतं. हॉलमध्ये पडद्याचा मध्य डोळ्यांच्या रेषेत ठेवतात, ते ताठ बसणाऱ्यासाठी. पलंगावर उशांना टेकून बसलं की पाठीबरोबर डोकंही मागे कलतं आणि नजर आपोआप थोडी वर जाते. म्हणून मध्य डोळ्यांपेक्षा वर हवा, पण किती, तर साधारण 10 अंश. 15 अंशांच्या पुढे गेलं की डोळे ताणले जातात किंवा मान मागे मोडावी लागते.

आमच्या खोलीचं गणित असं. गादीचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून 50 सेंटिमीटर. दोन उशांना टेकल्यावर डोळे गादीपासून 55 वर, म्हणजे जमिनीपासून 105. खोली 11 फुटांची, पण अंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत धरायचं नाही, इथेच बरेच जण चुकतात. डोळे मागच्या भिंतीपासून 40 सेंटिमीटर पुढे असतात आणि पडदा ब्रॅकेटमुळे समोरच्या भिंतीपासून 10 पुढे येतो. उरले 285. या अंतरावर 10 अंशांची चढण म्हणजे 50 सेंटिमीटर, म्हणून मध्य 155 वर. साधारण पाच फूट एक इंच. आमच्या 43 इंची टीव्हीची खालची कडा मग 128 वर येते आणि पायांवर पांघरूण असलं तरी पडदा झाकला जात नाही. 200 वर मात्र तीच चढण 18 अंशांच्या पुढे जात होती, आणि पडद्याच्या वरच्या कडेपर्यंत तर 23.

आता दुसरा गैरसमज, आणि मला तो जास्त महागात पडला: टिल्ट दिला की उंची चालून जाते. टिल्ट पडद्याचं तोंड तुमच्याकडे वळवतो, पडद्याला खाली आणत नाही. चित्र जिथे आहे तिथेच राहतं, मान तेवढीच वर जाते. टिल्टचं काम वेगळं आहे. काही पॅनेलवर खालून पाहिलं की काळा रंग राखाडी दिसतो आणि रंग फिके पडतात, ते त्याने सुधारतं. आणि प्रतिबिंब जातं.

प्रतिबिंबाचं आधी माझ्याही लक्षात आलं नव्हतं. टीव्ही 155 वर आणला, पण टिल्ट शून्यच ठेवला, तर काळोख्या दृश्यात पडद्याच्या मधोमध एक पांढरी पट्टी. डोळ्यांतून वर गेलेली नजर सरळ उभ्या पडद्यावर आपटून तितक्याच चढाने मागे जाते आणि उशामागच्या भिंतीवर सात फुटांच्या आसपास पोचते. आपल्याकडे ट्यूबलाइट नेमकी तिथेच असते! पडदा 10 अंश खाली झुकवला की नजर परत आपल्याच तोंडावर येते.

यातूनच तपासणीची पद्धत मिळते. टीव्ही बंद करायचा, नेहमीसारखं टेकून बसायचं आणि काळ्या पडद्याच्या मध्यभागी काय दिसतं ते पाहायचं. स्वतःचा चेहरा दिसला तर टिल्ट बरोबर. ट्यूब किंवा छत दिसलं तर कमी आहे, पांघरूण दिसलं तर जास्त झाला. थोडक्यात, नजरेची चढण जितक्या अंशांची तितकाच टिल्ट. ब्रॅकेट 15 पर्यंत वाकतो म्हणून 15 द्यायचं कारण नाही. महिन्याभराने पुन्हा पाहावं, कारण टिल्टचे नट सैल राहिले तर टीव्ही स्वतःच्या वजनाने हळूहळू वाकत जातो.

भोकं पाडण्यापूर्वी वर्तमानपत्र पडद्याच्या मापाचं कापून, भिंतीवर चिकटपट्टीने लावून अर्धा तास त्याकडे बघत बसावं. घरचे हसतात, हसू द्यावं. आणि खूण करताना टीव्हीची पाठ आधी मोजावी. ब्रॅकेटची चार भोकं पडद्याच्या मध्यावरच असतात असं धरू नये, बऱ्याच टीव्हींना ती खाली असतात. आमच्याकडे 5 सेंटिमीटर खाली होती, त्यामुळे ब्रॅकेटचा मध्य 150 वर धरला.

एका गोष्टीला मात्र भिंतीवर उत्तर नाही. बायको एकाच उशीवर, जवळपास आडवी होऊन बघते. तिचे डोळे 75 वर, आणि खाली सरकल्यामुळे पडद्यापासून 260 वर, म्हणजे चढण 17 अंशांची. डोकं जास्त मागे कललेलं असल्याने उंचीचा तिला त्रास नाही, पण 10 अंश टिल्टवर तिला स्वतःच्या चेहऱ्याऐवजी डोक्यामागची भिंत दिसते. मी 13 वर तडजोड केली. आता मला पांघरुणाची कड दिसते आणि तिला उशीच्या थोडी वरची भिंत. ट्यूब कोणालाच नाही.