नाशिकहून बेंगळुरूला जाताना

चौथीतल्या मुलीला बदलीची बातमी सामानाची बांधाबांध सुरू होण्याआधी, आईबाबांच्याच तोंडून कळायला हवी. पुढची अडचण भाषेची. बेंगळुरूच्या बहुतेक शाळांत कन्नड शिकवतात, त्यामुळे कन्नड कोणत्या पातळीपासून सुरू होईल, हे प्रवेशाच्या वेळीच विचारा. घरी रोज थोडा सराव करा: ‘नन्न हेसरु’ म्हणजे माझं नाव, ‘नीरु बेकु’ म्हणजे पाणी हवंय, ‘गोत्तिल्ल’ म्हणजे माहीत नाही. तहान लागली तर बोलता येईल, एवढा भरवसा मुलीला पहिल्या दिवशी फार मोठा वाटतो.

सुरुवातीला ती गप्प राहील, घाबरू नका. मात्र दर सकाळी पोट दुखतं आणि रविवारी दुखत नाही, असं दिसलं तर वर्गशिक्षिकेला भेटा. आणखी एक, कर्नाटकातल्या राज्य मंडळाच्या शाळा साधारण मेअखेरीस उघडतात, आपल्या जूनच्या मध्याला. दाखला वेळेत काढा.