पाटी लावण्याआधी एक ईमेल

२०२२ च्या ऑगस्टमध्ये विप्रोचे अध्यक्ष रिशद प्रेमजी यांनी नोकरी करता करता दुसरीकडे काम करण्याला सरळ फसवणूक म्हटलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी कंपनीतून अशा ३०० जणांना काढल्याचं सांगितलं. ही बातमी नोकरदारांच्या मनात भीती म्हणून राहिली, पण तिच्यातला एक तपशील बहुतेकांच्या नजरेतून सुटला. काढलेली माणसं प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना सापडली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना कळवलं की वरिष्ठांची आणि एचआरची आधी संमती घेतली, आणि काम कंपनीच्या किंवा तिच्या ग्राहकांच्या धंद्याला छेद देणारं नसेल, तर फावल्या वेळात बाहेरचं काम करता येईल.

या दोन घटना शेजारी ठेवल्या की मालकाला कशाची धास्ती असते ते कळतं. तुम्ही चार पैसे जास्त मिळवता याचं त्याला फारसं काही नसतं. आपला वेळ, आपली यंत्रं आणि आपले ग्राहक तिकडे जातात का, आणि हा माणूस लवकरच सोडून जाणार का, हे त्याला हवं असतं. जोडधंदा कसा मांडायचा याचं सगळं मर्म या प्रश्नांना विचारण्याआधी उत्तर देण्यात आहे. लपवण्यात नाही.

एक उदाहरण घेऊ. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात असलेला तरुण इंजिनिअर. घरी स्वतःच्या पैशांनी घेतलेले दोन थ्रीडी प्रिंटर आहेत आणि आर्किटेक्ट लोकांना इमारतींची छोटी मॉडेल्स बनवून देण्याचं काम त्याला सुरू करायचं आहे. त्याने पहिल्यांदा काढावं ते आपलं नेमणूकपत्र. त्यात तीन कलमं शोधायची: पूर्ण वेळ सेवेचं, हितसंबंधांच्या संघर्षाचं, आणि नोकरीत असताना तुम्ही जे शोधाल-घडवाल त्यावरच्या मालकीचं. तिसरं कलम लोक वाचतच नाहीत. काही पत्रांत ते इतकं व्यापक असतं की घरी रात्री केलेल्या डिझाइनवरही कंपनी हक्क सांगू शकते. तसं असेल तर पहिलं गिऱ्हाईक घेण्याआधीच बोलणं भाग आहे.

मग वरिष्ठांशी तोंडी बोलावं आणि त्याच दिवशी ईमेल करावा. आधी बोलायचं कारण साधं आहे. अचानक आलेला औपचारिक ईमेल वाचून माणूस सावध होतो आणि थेट एचआरकडे धाडून मोकळा होतो. ईमेल असा असावा:

‘सर, आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे लिहून कळवतो. मी घरी, स्वतःच्या दोन प्रिंटरवर, आर्किटेक्टसाठी इमारतींची मॉडेल्स करून देण्याचं काम सुरू करू इच्छितो. हे काम आठवड्याच्या सुट्टीला आणि रात्री आठनंतर असेल. कंपनीचा लॅपटॉप, सॉफ्टवेअर, ड्रॉइंग किंवा माहिती त्यासाठी वापरणार नाही. वाहनउद्योगातलं कोणतंही काम, आणि आपले ग्राहक किंवा पुरवठादार यांच्याकडचं काम, घेणार नाही. तातडीच्या पाळीला किंवा ऑडिटला कंपनीचं काम आधी असेल. स्वरूप बदललं तर आधी कळवेन. यास आपली आणि एचआरची लेखी संमती मिळावी.’

यात काय नाही तेही पाहा. उत्पन्नाचा आकडा नाही, ‘माझं स्वप्न’ नाही, पगार पुरत नाही ही तक्रार तर नाहीच. तक्रार आली की ते राजीनाम्याचं पहिलं पाऊल वाटतं. ‘वाहनउद्योगातलं काम घेणार नाही’ हे एक वाक्य मात्र पानभर खुलाशापेक्षा मोलाचं, कारण तिथे या माणसाने स्वतःहून कुंपण घातलं आहे. उत्तर आलं नाही तर आठवड्याने आठवण करावी. साहेब मान हलवून ‘हरकत नाही’ म्हणाले एवढ्यावर विसंबू नये. उद्या साहेब बदलले की ती मान कुणाला आठवणार?

संमती हाती आल्यावरच जगासमोर यावं. इथे क्रम चुकला की गोष्ट बिघडते. लिंक्डइनवर नवं पद टाकलं आणि ते ओळखीच्यांना कळवण्याची सोय चालू राहिली, तर सगळ्या ऑफिसला सूचना जाते आणि लोक अभिनंदन करू लागतात. वरिष्ठांना अभिनंदनाच्या गर्दीतून बातमी कळणं ही सर्वांत वाईट पद्धत. ती सोय आधी बंद करावी. नोकरीचं पद वर ठेवावं. धंद्यापुढे ‘संस्थापक आणि सीईओ’ लिहायचा मोह आवरावा. ‘आर्किटेक्चरल मॉडेल्स, सुट्टीच्या दिवशी’ हे खरंही आहे आणि निरुपद्रवीही. कंपनीचं नाव, लोगो, तिथल्या कामाचे फोटो धंद्याच्या पानावर कुठेच नकोत.

गूगलवर दुकान नोंदवताना वेळ विचारतात. बरेच जण सवयीने सकाळी नऊ ते सहा लिहितात, म्हणजे आपण ऑफिसच्या वेळात दुसरीकडे हजर असतो असं स्वतःच जाहीर करतात. तिथे संध्याकाळ आणि सुट्टीचीच वेळ घालावी. व्हॉट्सअॅप बिझनेसवर दिवसभराचा आपोआप जाणारा निरोप लावावा. जीएसटी घेतला असेल, तर बिलावरचा क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून कोणीही त्यामागचं नाव पाहू शकतो, हेही ध्यानात असावं.

‘बायकोच्या नावावर करतो’ हा सल्ला घरोघरी मिळतो. ती खरोखर धंदा चालवत असेल तर उत्तमच. नुसतं नाव तिचं आणि पैसा-हात तुमचे असतील, तर तुमच्या पैशावरचं ते उत्पन्न आयकरात तुमच्याच उत्पन्नात धरलं जाऊ शकतं. शिवाय कंपनीत उघड झालं तर जोडधंद्याऐवजी लपवाछपवीचा जाब द्यावा लागतो, आणि माझ्या मते नोकरी जाते ती बहुधा त्यापायीच. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर ही वाट मुळातच बंद आहे. १९६४ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे त्यांना व्यापाराला आधी मंजुरी लागते, आणि कुटुंबातलं कुणी व्यापार करत असेल तर तेही कळवावं लागतं.

खरी कसोटी पुढे येते. समजा सहा महिन्यांनी त्या इंजिनिअरला एका छोट्या कारखानदाराचा फोन आला: एका ब्रॅकेटचा नमुना छापून हवा आहे, पैसे चांगले देतो. चौकशी केल्यावर कळलं की हा कारखानदार याच्याच कंपनीला माल पुरवतो, आणि त्या मालाची तपासणी याच्याच विभागात होते. काम दोन तासांचं, पण उद्या त्या पुरवठादाराची खेप नापास करायची वेळ आली तर? हे काम त्याने नाकारायलाच हवं, आणि नाकारल्याचंही वरिष्ठांना दोन ओळींत कळवावं: ‘असं विचारणं आलं होतं, मी घेतलेलं नाही.’ पहिल्या ईमेलातली कुंपणाची ओळ तेव्हा नुसती ओळ राहत नाही. पुढल्या वर्षी संमतीचं नूतनीकरण मागताना हाच ईमेल जोडता येतो.

आणि एचआरने नकार दिला तर? कारण विचारावं. वेळेची अडचण असेल तर फक्त रविवार मागून पाहावा. कंपनी हटलीच नाही, तर प्रिंटर झाकून ठेवायचे की नोकरी बदलायची हे ठरवावं लागेल. तिसरा मार्ग, म्हणजे नकारानंतर गुपचूप चालू ठेवणं, सगळ्यांत धोक्याचा, कारण आता कंपनीकडे तुमच्याच हातचा लेखी पुरावा आहे की तुम्हाला नियम माहीत होता. नवी नोकरी शोधताना मात्र हा प्रश्न नेमणूकपत्रावर सही करण्याआधीच मांडावा. त्या वेळी कंपनीला तुम्ही हवे असता आणि एखादं कलम बदलून घेणं तेव्हा सर्वांत सोपं असतं.