मिक्सरचं बूड दाखवा!

जुना मिक्सर विकायला काढला की फोटो पुढूनच काढला जातो. चकचकीत भांडी, वेगाचं बटण, कंपनीचं नाव. घेणाऱ्याला जे कळायला हवं ते मात्र बुडाला असतं. मिक्सर उलटा केला की खाली छोटी रेटिंग प्लेट दिसते. तिच्यावर मॉडेल, व्होल्टेज, वॉट आणि अनुक्रमांक असतो. पंख्याची अशी माहिती बहुधा मोटरच्या वरच्या अंगाला असते, त्यामुळे पंखा छताला टांगला की ती नजरेआड होते.

समजा, एका मिक्सरच्या प्लेटच्या फोटोत ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ, ७५० वॉट’ आणि त्यापुढे ‘रेटिंग ३० मिनिटं’ असं दिसतं. अनेकांना ही तीस मिनिटं म्हणजे मिक्सर सलग चालवण्याची मुभा वाटते. पण अनेक प्लेटांवर त्याचा खुलासाही असतो: पाच मिनिटं चालू, दोन मिनिटं बंद, असे सहा फेरे. म्हणजे तीस मिनिटं ही चालण्याची बेरीज आहे आणि मधली विश्रांती सक्तीची. या छोट्या मोटरला पंख्यासारखं तासन्‌तास चालायचं नसतं. ती फार वेगाने फिरते आणि तितक्याच झपाट्याने तापते. इडलीचं पीठ सलग वाटताना ती मध्येच बंद पडली, तर बहुतेकदा तिचा ओव्हरलोड स्विच उडालेला असतो. तो बुडाशीच, अनेकदा लाल बटणाच्या रूपात, याच फोटोत सापडतो.

प्लेटवर आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्या वरचा आणि खालचा आकडा वाचावा. वर मानकाचा क्रमांक येतो. मिक्सरसाठी तो आयएस ४२५०, छताच्या पंख्यासाठी आयएस ३७४. खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये तो टाकला की परवाना कोणाचा आणि कोणत्या वस्तूसाठी आहे, हे कळतं. फोटोतली गोची इथेच होते. इंग्रजी आठ आणि तीन, शून्य आणि सहा धूसर छपाईत सारखेच दिसतात. एक आकडा चुकला की परवाना दुसऱ्याच कारखान्याचा निघतो आणि विक्रेत्यावर नाहक संशय येतो. म्हणून फ्लॅश बंद ठेवून, बाजूने तिरपा टॉर्च धरून दुसरा फोटो मागवावा. समोरून पडलेला उजेड चकाकत्या प्लेटवर पांढरा डाग पाडतो, तर तिरप्या उजेडात उठावाची अक्षरं सावलीमुळे उमटून येतात.

पंख्याच्या कंडेन्सरवर तर दशांशचिन्हच घात करतं. छताच्या साध्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असतो. फोटोत तो ठिपका पुसट झाला की दुकानदाराला ‘२५’ असं सांगितलं जातं, म्हणजे थेट दसपट. अंदाजाने वेगळ्या क्षमतेचा बसवला, तर पंख्याचा वेग बिघडतो आणि मोटर तापू शकते.

आता मिक्सरच्या अंगाकडे. प्लास्टिकचं कवच साच्यात वितळलेलं प्लास्टिक दाबून घडवतात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे कवचावर बारीक रेघ राहते. जुन्या मिक्सरच्या फोटोत ती पाहून अनेक जण ‘तडा गेलाय’ म्हणतात. साच्याची रेघ आकाराच्या कडेने सरळ, अखंड जाते आणि बहुधा दोन्ही बाजूंना सारखीच असते. तडा वाकडा धावतो, मध्येच संपतो आणि त्याच्या कडेला प्लास्टिक कधी पांढुरकं पडतं. स्क्रूच्या भोकाजवळची पुसट रेघ आणखी निराळी. भोकाला वळसा घालून आलेले प्लास्टिकचे दोन प्रवाह तिथे जुळलेले असतात. तो जोड कमजोर असतो, त्यामुळे खरा तडा अनेकदा तिथूनच सुरू होतो. शंका आली तर हीच जागा जवळून दाखवायला सांगावी.

काही कवचांच्या आतल्या बाजूला घड्याळासारखं गोल चिन्ह असतं. त्यातला बाण महिना दाखवतो आणि मधले आकडे वर्ष. कवच कधी घडलं, हे त्यावरून कळतं. हे वर्ष प्लेटवरच्या तारखेच्या थोडं आधीचं असणं स्वाभाविक आहे, कारण कवच घडल्यावर मिक्सर जोडला जातो. ते बरंच नंतरचं निघालं, तर कवच किंवा प्लेट बदलली गेली असावी.

मोटरवरच्या ‘तांब्याचं वाइंडिंग’ या लेबलाला मात्र मर्यादा आहे. मोटर जळून पुन्हा गुंडाळली तरी बाहेरचं लेबल तेच राहतं. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या दिसल्या तर मिक्सर उघडला गेला होता एवढंच म्हणता येतं. आत कोणती तार आहे, कार्बन किती उरलेत, बेअरिंग घासतंय का, हे फोटो सांगत नाही. त्यासाठी मिक्सर जागेवर, रिकाम्या भांड्यासह काही सेकंद चालवून त्याचा आवाज ऐकावा आणि जळका वास येतो का ते पाहावं.