दिवाळीतला डोळा: मोतीबिंदूनंतरच्या थेंबांचं वेळापत्रक

फेको पद्धतीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला टेबलावर अर्धा तासही लागत नाही. बुबुळाच्या कडेला अडीच मिलिमीटरच्या आसपास छेद घेतात, गढूळ भिंग फोडून ओढून घेतात, घडी घातलेलं नवं भिंग आत उलगडतात. टाका बहुधा घालतच नाहीत, कारण छेद तिरका असतो आणि आतल्या दाबानेच मिटून राहतो. पण मिटणं वेगळं आणि भरून येणं वेगळं. पहिले काही दिवस डोळा चोळला किंवा दाबला गेला तर ती फट क्षणभर उघडू शकते आणि बाहेरचं पाणी आत शिरू शकतं. त्या पाण्यातले जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्याच पापण्यांच्या कडेचे असतात. म्हणून पुढचे सहा आठवडे घरच्यांच्या हातात आलेल्या दोन-तीन बाटल्यांचं काम ऑपरेशनइतकंच मोलाचं.

सहसा तीन औषधं असतात. जंतू मारणारं प्रतिजैविक, उदाहरणार्थ मॉक्सिफ्लॉक्सासिन. सूज उतरवणारं स्टिरॉइड, बहुधा प्रेडनिसोलोन. तिसरं स्टिरॉइड नसलेलं सूजविरोधी औषध, नेपाफेनॅकसारखं. पडद्याच्या मधोमध पाणी साठून नजर अंधूक होऊ नये म्हणून ते देतात. काही डॉक्टर पहिली दोन एकाच बाटलीत देतात, काही तिसरं देतच नाहीत. तेव्हा आपल्या डॉक्टरांचा कागद वेगळं सांगत असेल तर तोच पाळायचा.

समजा, ६८ वर्षांच्या एका काकूंचं सोमवारी ऑपरेशन झालं. मंगळवारी सकाळी पट्टी काढली आणि हातात तीन बाटल्या मिळाल्या. कागदावर स्टिरॉइड दिवसातून सहा वेळा, प्रतिजैविक चार वेळा आठवडाभर, तिसरं औषध तीन वेळा महिनाभर. म्हणजे रोज तेरा थेंब. ‘दिवसातून सहा वेळा’ हे घरात कुणाच्याच लक्षात राहत नाही. घड्याळातली वेळ राहते. म्हणून फ्रिजच्या दारावर असा कागद चिकटवावा:

सकाळी ७: प्रतिजैविक, दहा मिनिटांनी स्टिरॉइड
सकाळी ८: तिसरं औषध
सकाळी १०: स्टिरॉइड
दुपारी १: प्रतिजैविक, दहा मिनिटांनी स्टिरॉइड
दुपारी २: तिसरं औषध
दुपारी ४: स्टिरॉइड
संध्याकाळी ७: प्रतिजैविक, दहा मिनिटांनी स्टिरॉइड
रात्री ८: तिसरं औषध
रात्री १०: प्रतिजैविक, दहा मिनिटांनी स्टिरॉइड, मग डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळी लावून झोप

दुसऱ्या मंगळवारी प्रतिजैविक बंद होतं आणि स्टिरॉइड पाच वेळांवर येतं. मग दर मंगळवारी एकेक वेळ कमी: चार, तीन, दोन, आणि सहाव्या आठवड्यात रोज फक्त एक. ही उतरण मुद्दाम असते. स्टिरॉइड एकदम थांबवलं तर दबलेली सूज उसळून येते, डोळा लाल होतो आणि उजेड टोचायला लागतो. उलट ‘बरं वाटतंय तर टाकत राहू’ म्हणून ते लांबवलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि काचबिंदूची भीती असते. काकूंना आधीच काचबिंदूचे थेंब चालू असतील तर ते सुरू ठेवायचे की नाही हे विचारून घ्यावं, आणि सुरू ठेवायचे ठरल्यास ऑपरेशनच्या डोळ्यासाठी नवी बाटली फोडावी.

हिशोब केला तर सहा आठवड्यांत स्टिरॉइडचे १४७ थेंब होतात. पाच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर थेंब निघतात, म्हणजे तिसरा आठवडा संपता संपता बाटली रिकामी होणार. शिवाय फोडलेली बाटली महिन्याभरात टाकून द्यायची असते. तेव्हा फोडल्याची तारीख बाटलीवर लिहावी आणि दुसरी आधीच आणून ठेवावी. दिवाळीच्या सुट्टीत औषधाचं दुकान बंद म्हणून दोन दिवस राहिले, हे फार घडतं.

दहा मिनिटांचं अंतर कशाला? बाटलीतून पडणारा एक थेंब मुळात डोळ्यात मावतो त्याहून मोठा असतो. लगेच दुसरा टाकला की पहिला गालावर ओघळतो. पाच मिनिटंही पुरतात, पण घरात पाच मिनिटं दोनच होतात, म्हणून मी दहा लिहितो. एका वेळी दोन थेंब टाकण्यातही तेवढाच तोटा आहे. आणि प्रेडनिसोलोनचं औषध दुधाळ असतं, त्याची भुकटी तळाशी बसते. बाटली नीट हलवली नाही तर सुरुवातीला नुसतं पाणी जातं.

टाकणाऱ्याने हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. काकूंना आडवं झोपवावं, वर बघायला सांगावं, खालची पापणी बोटाने अलगद खाली ओढावी; जी खोबण होते तिच्यात एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागता कामा नये. लागलं तर तिथले जंतू बाटलीत जातात आणि मग आपणच ते रोज डोळ्यात टाकत राहतो. थेंब पडल्यावर डोळा हलकेच मिटायचा, गच्च नाही. नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरला तर औषध घशात उतरून कडू लागत नाही. दाबायचं ते नाकाच्या हाडाकडे, डोळ्यावर नव्हे. एखादी वेळ चुकली तर आठवताच टाकावा, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावा. दोन वेळांचा एकदम नको.

नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान काकूंनी मानेखालीच करावं. डोक्यावरून पाणी, उटणं, काजळ, रांगोळीची भुकटी, फटाक्यांचा धूर आणि चकल्यांच्या कढईसमोरचं उभं राहणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही.

पहिले काही दिवस डोळ्यात खडा असल्यासारखं खुपतं, थोडी लाली राहते, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. हे सगळं चालतं, अट एकच: प्रत्येक दिवस आदल्या दिवसापेक्षा बरा हवा. आत जंतुसंसर्ग झाला तर तो बहुधा पहिल्या आठवड्यातच दिसतो, क्वचित सहा आठवड्यांपर्यंतही. हजार ऑपरेशनांत तो एखाद्यालाच होतो, पण झाला तर काही तासांत नजर जाऊ शकते. वाढणारा ठणका, वाढणारी लाली, पापणीची सूज, चिकट पू, बुबुळाच्या तळाशी पांढरी रेघ ही त्याची लक्षणं. पण घरचे फसतात ते दुखण्यावरून. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात अशा रुग्णांपैकी सुमारे चौथाई लोकांना दुखतच नव्हतं. नजर अंधूक झालेले मात्र शंभरात नव्वदाहून जास्त होते. म्हणून रोज सकाळी थेंबांच्या आधी काकूंचा दुसरा डोळा तळहाताने झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावावं. काल तारखा वाचता येत होत्या आणि आज आकडे धुक्यात गेले, तर दुखत असो वा नसो, थांबायचं नाही.

‘डोळे आलेत’ असं ठरवून गुलाबपाणी, मध किंवा कपाटातले जुने थेंब घालण्यात जो दिवस जातो, तोच महागात पडतो. उपचार डोळ्याच्या आत सुईने औषध सोडण्याचा असतो. बाहेरून घातलेले थेंब तिथवर पुरेसे पोचत नाहीत. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना फोन करावा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो लागला नाही तर पडद्याचे डॉक्टर असलेलं रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ गाठावं. ऑपरेशनचा कागद आणि तिन्ही बाटल्या सोबत घ्याव्यात, आणि नजर नेमकी कधीपासून उतरली ते पहिल्या वाक्यातच सांगावं.