चहांतील दूध आणि हृदयाचें आरोग्य

चहांत दूध घातल्यानें त्याचा हृदयास होणारा गुण नष्ट होतो, असें सुदुंबऱ्यांत अलीकडे वरचेवर ऐकूं येतें. आमच्या शेजारच्या एका बागाइतदारांनीं तर त्या भीतीनें दूध सोडून कोरा चहा सुरू केला. तो कडू लागतो म्हणून ते कपास दोनऐवजीं तीन चमचे साखर घालूं लागले. दूध सुटलें, साखर वाढली. तेव्हां या समजुतींत तथ्य किती, तें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटलें.

चहाच्या पानांत कॅटेचिन वगैरे तुरट द्रव्यें असतात. शरीरांतील अपायकारक ऑक्सिडीकरणास तीं आळा घालतात असें मानितात, म्हणून त्यांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. दुधांतील केसीन नांवाचें प्रथिन त्यांस चिकटतें; दुधाचा चहा जिभेस कमी तुरट लागतो, तो यामुळेंच. सन २००७ मध्यें बर्लिन येथील संशोधकांनीं १६ निरोगी स्त्रियांस निरनिराळ्या वेळीं कोरा चहा, दहावा हिस्सा साय काढलेलें दूध घातलेला चहा आणि नुसतें ऊन पाणी देऊन हाताची धमनी किती रुंदावते तें मोजिलें. कोऱ्या चहानें ती अधिक रुंदावली. दूध घालतांच तो लाभ दिसेनासा झाला.

परंतु १९९८ सालीं हॉलंडांतील संशोधकांनीं १२ जणांचें रक्त तपासलें, तेव्हां दूध घातल्यानें रक्तांतील कॅटेचिन कमी झालेलें आढळलें नाहीं. पोटांत केसीन पचतांना धरलेलीं द्रव्यें सुटत असावींत. दोन्ही प्रयोग थोड्या माणसांवरचे व थोड्या तासांचे होते. हृदयविकार कोणास झाला वा टळला, हें त्यांत पाहिलेलेंच नाहीं. शिवाय आपल्याकडील निम्में दूध घालून उकळलेला चहा त्यांत नव्हता. एवढ्या आधारावर दूध सोडावें, असें आम्हांस वाटत नाहीं.

साखरेचा हिशेब मात्र सरळ आहे. सपाट चमचा सुमारें ४ ग्रॅमचा धरिला, तर पांच कपांत दोन-दोन चमच्यांप्रमाणें ४० ग्रॅम साखर होते, आणि तीन-तीन घातल्यास ६०. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं सांगितलेली मर्यादा दोन हजार कॅलरींच्या आहारास दिवसाकाठीं ५० ग्रॅमची असून, २५ च्या आंत राहणें अधिक बरें असें तिचें म्हणणें आहे. त्यांत गूळ, मिठाई सर्व आलें. चहास गूळ घातल्यानें सुटका नाहीं.

मसाल्याविषयीं थोडेंच सांगावयाचें. आलें, वेलदोडा चिमूटभर असतात. ते चवीचे, त्यांस हृदयाचें औषध समजूं नये. जेष्ठमध मात्र रोज व पुष्कळ घेतल्यास रक्तदाब वाढवितो, म्हणून ज्यांस तो विकार आहे त्यांनीं मसाल्यांत काय कुटलें आहे हें घरांत विचारून घ्यावें.

आमचे शेजारी आतां पुन्हां दुधाचाच चहा घेतात. दिवसास तीन कप, कपास एक चमचा साखर, म्हणजे १२ ग्रॅम. पहिले आठ दिवस तो त्यांस बेचव लागला, असें ते सांगतात.