आईशी बोला, सभागृहाशी नको

महाविद्यालयीन स्पर्धेत लग्न की करिअर या विषयावरची एकपात्री बहुधा एकाच जागी फसते. मुलगी प्रेक्षकांकडे तोंड करून समाजाला जाब विचारू लागते आणि स्वगताचं भाषण होतं. तिची वाक्यं दुसऱ्या कुठल्याही मुलीच्या तोंडी जशीच्या तशी शोभली, तर संहिता कच्ची आहे हे समजावं.

'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या लीला बेणारेच्या शेवटच्या स्वगतामागे अख्खं नाटक उभं असतं. स्पर्धेत हाताशी जेमतेम काही मिनिटं असतात, म्हणून पार्श्वभूमी कृतीतूनच यायला हवी.

समजा, रविवारी राज्यसेवेची मुख्य परीक्षा आहे आणि त्याच दिवशी मुलीला पाहायला पाहुणे येणार आहेत. आदल्या रात्री ती कांदा चिरत आईशी बोलते आहे. आई रंगमंचावर नाही. मुलीची नजर मात्र आईच्या उंचीवर, एकाच जागी ठरलेली हवी. ती ढळली की आई नाहीशी होते. "काय म्हणालीस, नको जाऊ?" असं आईचं वाक्य परत उच्चारणं टाळावं. चिरणारा हात थांबला की उत्तर कळतं.

आईला खलनायिका करू नये. मुलगी मध्येच विचारते, "तुझीपण शाळेतली ऑर्डर आली होती ना गं? बाबांना दाखवलीस कधी?" इथे मोठा विराम घ्यावा. माझ्या मते त्यानंतर एकही तक्रार नको. पुढची वाक्यं बिनदिक्कत कापावीत.